फोनवरचा सौदा, मेलमधली नोंद

फोनवर झालेला सौदा कायद्याने पक्का असतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० नुसार दोन सज्ञान पक्षांची राजीखुशीने संमती, कायदेशीर हेतू आणि मोबदला एवढे असले की करार होतो. तो कागदावरच हवा अशी सर्वसाधारण अट त्यात नाही. अडचण येते ती पुढे, दोघांपैकी एकाला भाव आठवतो आणि दुसऱ्याला भाड्याची अट आठवते तेव्हा. संभाषण संपल्यावर त्याच दिवशी पाठवलेली मेल ही अडचण दूर करते. तिच्यात नवे काही मागायचे नसते. जे ठरले ते, जे ठरायचे राहिले ते, आणि चूक असल्यास कळवण्याची विनंती, एवढ्यावर ती थांबते.

उदाहरण म्हणून तासगावचा एक बेदाणा पॅकिंगचा कारखाना घेता येईल. हंगाम तोंडावर आलेला, पंधरा किलोची खोकी हवीत आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला खोकी बनवणारा एक छोटा कारखानदार ती पुरवणार आहे. ३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार. अठरा मिनिटांचे बोलणे होते. पुरवठादार सदतीस रुपये मागतो, खरेदीदार तेहतीस म्हणतो, घासाघीस होते आणि ‘शेठ, साडेचौतीस, आता फायनल’ यावर गाडी थांबते. नग आठ हजार, माल दोन खेपांत, महिन्याची उधारी. दोघेही खूश होऊन फोन ठेवतात.

या बोलण्यात निदान चार जागा अशा आहेत की तिथे दोघांचे एकमत झालेलेच नाही, आणि ते दोघांनाही कळलेले नाही. पहिली जागा भाड्याची. खरेदीदाराच्या मनात साडेचौतीस हा गोदामात पोहोच भाव आहे, पुरवठादाराच्या मनात तो कारखान्याच्या दारातला आहे. एका खेपेचे टेम्पोभाडे साडेचार हजार धरले तर दोन खेपांचे नऊ हजार, म्हणजे खोक्यामागे सव्वा रुपयाच्या आसपास. घासाघीस करून कमावलेल्या अडीच रुपयांतले जवळजवळ निम्मे इथे जातात. दुसरी जागा जीएसटीची: भाव करासह की कर वेगळा? तिसरी तारखेची. ‘पहिली खेप या महिन्यात आणि बाकीचा माल पाडव्याच्या आधी’ असे म्हटले गेले. फेब्रुवारीत बोलताना पाडवा म्हणजे गुढीपाडवा हे उघड आहे, पण त्या वर्षी तो १९ मार्चला येतो हे दोघांपैकी कुणी पाहिलेले नाही. हेच बोलणे श्रावणात झाले असते तर पाडवा म्हणजे दिवाळीचा झाला असता. चौथी जागा उधारीची. महिना बिलाच्या तारखेपासून मोजायचा की माल उतरल्यापासून?

मराठीत फोनवर बोलताना आणखी एक खोच असते. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही. ‘तेहतीस’ आणि ‘त्रेचाळीस’, ‘एकोणचाळीस’ आणि ‘एकोणपन्नास’ टेम्पोच्या आवाजात सहज एकमेकांत मिसळतात. म्हणून जाणकार खरेदीदार फोन ठेवण्याआधीच आकडे सुटे करून परत म्हणतो: ‘साडेचौतीस, म्हणजे तीन-चार-पॉइंट-पाच-शून्य, बरोबर?’ मेल लिहायला घेताना निम्मी चूक या एका वाक्याने टळलेली असते.

मेलचा कच्चा माल म्हणजे बोलताना घेतलेली टिपणे. आठवणीवर लिहिलेली मेल आणि टिपणावरून लिहिलेली मेल यांत फरक पडतो तो शर्तींच्या बाबतीत. आकडे डोक्यात राहतात. ‘कागदाचा भाव वाढला नाही तर’ असला शेपूट मात्र गळतो, आणि बोलणाऱ्याने तो मुद्दाम जोडलेला असतो. त्यामुळे टिपणात भाव, नग, तारीख यांच्याबरोबर ‘तर’, ‘पण’, ‘जर’ यांनी सुरू झालेली वाक्ये जशीच्या तशी उतरवावी लागतात. बोलण्याची वेळ, समोरच्याचे नाव आणि त्याचा हुद्दा हेही त्यातच. हुद्दा एवढ्यासाठी, की भाव कमी करण्याचा अधिकार विक्री सांभाळणाऱ्या मुलाला होता की मालकालाच, हा वाद पुढे हमखास निघतो.

मेल कुठे पाठवायची हाही तपशील आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, समोरच्याने मेल घेण्यासाठी एखादा पत्ता नेमून दिलेला असेल तर मेल त्या पत्त्यावर शिरते तेव्हा ती त्याला पोहोचली असे धरले जाते. दुसरा करार नसला तर हा नियम लागू होतो. पुरवठादाराच्या दरपत्रकावर जो मेल पत्ता छापलेला असेल तो घ्यावा, पुतण्याच्या खाजगी पत्त्यावर पाठवून भागवू नये. मालकाला प्रत लावणेही त्याच कारणासाठी बरे.

तासगावच्या कारखान्याने त्या दिवशी संध्याकाळी पाठवलेली मेल साधारण अशी असेल:

विषय: बेदाणा खोकी, ८,००० नग – ३ फेब्रुवारी २०२६ च्या फोनवरील बोलण्यात ठरलेल्या बाबी

नमस्कार,
आज सकाळी ११.१० ते ११.२८ या वेळेत आपले फोनवर बोलणे झाले. आमच्या टिपणाप्रमाणे पुढील बाबी ठरल्या.

१. माल: पाच प्लायची खोकी, १५ किलो बेदाण्यासाठी, माप व कागद आपण २७ जानेवारीला दिलेल्या नमुन्याप्रमाणे. एकूण ८,००० नग.
२. भाव: प्रतिनग रु. ३४.५० (चौतीस रुपये पन्नास पैसे), अधिक जीएसटी. हा भाव आमच्या तासगाव येथील गोदामात पोहोच आहे, भाडे आपल्याकडे, अशी आमची समजूत आहे. तसे नसल्यास कृपया कळवावे.
३. पुरवठा: पहिली खेप ५,००० नग, सोमवार २३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. दुसरी खेप ३,००० नग, सोमवार १६ मार्च २०२६ पर्यंत.
४. पैसे: प्रत्येक खेप गोदामात उतरल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत, बँकेमार्फत.
५. पहिल्या खेपेच्या आधी क्राफ्ट कागदाचा भाव वाढला तरी हा भाव बदलणार नाही. दुसऱ्या खेपेबाबत आपण ‘बघू’ म्हणालात, त्यामुळे ती बाब खाली घेतली आहे.

अजून ठरायचे आहे:
अ. दुसऱ्या खेपेआधी कागदाचा भाव वाढल्यास काय करायचे.
आ. छपाईच्या प्लेटचा खर्च कोणाचा.

आमच्याकडून: छपाईचा मजकूर ५ फेब्रुवारीपर्यंत पाठवू.
आपल्याकडून: छापील नमुना खोके १० फेब्रुवारीपर्यंत.

यात काही चुकले किंवा राहिले असल्यास गुरुवार ५ फेब्रुवारीपर्यंत कळवावे. बरोबर असल्यास ‘मान्य’ एवढेच उत्तर पुरे.

या मेलमध्ये सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘समजूत’ आहे. भाड्याचे बोलणे स्पष्ट झाले नव्हते हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, आणि त्याने ते झाकलेले नाही. पोहोच भाव हा ठरलेला मुद्दा म्हणून दडपून लिहिला असता तर पुरवठादाराने एक तर चिडून फोन केला असता, नाही तर गप्प बसून बिलात भाडे लावले असते. फोनवर न बोललेली सोय मेलमध्ये हळूच सरकवण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने नोंदीचे वजन जाते. तीच मेल पुढे लवादापुढे आली आणि एक मुद्दा खोटा निघाला, तर बाकीच्या चार मुद्द्यांवरही कुणी भरवसा ठेवत नाही. चांगल्या मेलची खूण अशी, की ती समोरच्यालाही आपल्या हाताने तशीच लिहिता आली असती.

‘अजून ठरायचे आहे’ हा भागही काही जण गाळतात, कारण तो लिहिला की सौदा कच्चा दिसतो असे वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. जो मुद्दा मोकळा म्हणून लिहिला गेला तो नंतर ‘ते तर ठरलेच होते’ म्हणून अंगावर येत नाही. पाचव्या मुद्द्यात ‘बघू’ हा समोरच्याचा शब्द जसाच्या तसा घेतला आहे. ‘बघू’ला होकारही म्हणता येत नाही आणि नकारही, म्हणून त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात न पडता तो उतरवलेला बरा. तारखांपुढे वार लिहिण्याची पद्धतही उपयोगी आहे. वार आणि तारीख जुळली नाही की वाचणारा लगेच थांबतो, आणि आकड्यातली चूक तिथेच सापडते. भाव अक्षरांत लिहिण्यामागे तेच कारण, चेक लिहिणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

समजा पुरवठादाराचे उत्तर येते: ‘मान्य, फक्त भाडे तुमच्याकडे.’ वाचायला हा होकार वाटतो. करार कायद्याचे कलम ७ सांगते की स्वीकार निःशर्त आणि संपूर्ण असावा लागतो. ‘फक्त’ लावलेले उत्तर भाड्यापुरता तरी नवा प्रस्ताव ठरते. इथे अनेकदा घाईत ‘ठीक आहे, ते बघू’ असे उत्तर जाते आणि गुंता पहिल्यापेक्षा वाढतो. बरे असे की पुन्हा फोन करावा, भाडे निम्मे-निम्मे किंवा जे ठरेल ते ठरवावे, आणि त्याच मेलच्या उत्तरात सगळे मुद्दे पुन्हा एकत्र लिहून पाठवावेत. बदललेला एकच मुद्दा पाठवला तर पुढे तीन मेल समोर ठेवून सौदा जुळवत बसावे लागते.

आणि उत्तर आलेच नाही तर? भारतात गप्प राहणे हा सामान्यतः होकार नाही. ‘पाच तारखेपर्यंत कळवले नाही तर मान्य समजू’ असे लिहिल्याने समोरच्यावर बंधन येत नाही; इंग्लंडमधल्या १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या घोड्याच्या सौद्याच्या खटल्यापासून हे तत्त्व सांगितले जाते. सगळीकडे असे नाही. जर्मनीत व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला पाठवलेल्या खातरजमेच्या पत्राला ताबडतोब हरकत घेतली नाही, तर त्यातला मजकूर बहुधा बंधनकारक होतो. अमेरिकेतल्या एकसमान व्यापारी संहितेत व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी दहा दिवसांची मुदत आहे. तिचा परिणाम मात्र मर्यादित आहे: तेवढ्यात लेखी हरकत न घेणाऱ्याला ‘माझी सही कुठे आहे’ हा बचाव उरत नाही, बोलणे काय झाले ते पाठवणाऱ्याला सिद्ध करावेच लागते.

म्हणजे भारतात अनुत्तरित मेल निरुपयोगी, असेही नाही. सौदा फोनवर आधीच झालेला आहे, मेल हा त्याचा पुरावा आहे. वाद होण्याच्या कितीतरी आधी, त्याच दिवशी लिहिलेली, समोरच्याला पोहोचलेली आणि त्याने न खोडलेली नोंद न्यायालयापुढे बोलते. त्यात पुरवठादाराने २३ फेब्रुवारीला खरोखर पाच हजार खोकी पाठवली आणि बिलात ३४.५० चाच भाव लावला, तर त्याच्या वागण्यानेच मेलला दुजोरा मिळतो. मेलच्या देवाणघेवाणीने मोठे सौदेसुद्धा पक्के ठरले आहेत. दुबईची ट्रायमेक्स आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात ऑक्टोबर २००७ मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार मेलवर ठरला. नंतर वेदांतने माघार घेतली आणि सविस्तर करारावर सह्या झाल्या नव्हत्या असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो करार पक्का धरला: महत्त्वाच्या अटी ठरल्या असतील तर औपचारिक दस्त मागाहून व्हायचा होता एवढ्याने करार मोडत नाही. ज्याला सही होईपर्यंत मोकळे राहायचे आहे त्याने या निकालाकडे उलट्या बाजूने पाहावे. ‘अंतिम करारनाम्यावर सह्या झाल्याखेरीज हे कोणावरही बंधनकारक नाही’ हे वाक्य मेलमध्येच लिहायला हवे.

लघुउद्योगांच्या बाबतीत या मेलला आणखी एक, थेट पैशाचा संबंध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चे कलम १५ म्हणते की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे दोघांत लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावेत, आणि लेखी ठरले तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ नये. लेखी काही ठरलेच नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. फोनवरची ‘महिन्याची उधारी’ या कलमाच्या दृष्टीने जणू झालेलीच नसते.

शिरोलीचा कारखानदार असा नोंदणीकृत लघु उत्पादक आहे असे धरू. दुसरी खेप, ३,००० नग, १६ मार्चला उतरते. कर सोडून रक्कम होते १,०३,५०० रुपये. लेखी काही नसेल तर ती ३१ मार्चपर्यंत द्यायला हवी. मेल आणि तिला ‘मान्य’ असे उत्तर असेल तर १५ एप्रिलपर्यंत. खरेदीदाराने फोनवरच्या शब्दावर विसंबून १५ एप्रिलला पैसे दिले, तर पहिल्या परिस्थितीत दोन गोष्टी घडतात. पुरवठादाराला मधल्या दिवसांचे व्याज मागण्याचा हक्क मिळतो, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने असते. दुसरे, २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेल्या बदलानुसार, मुदत टळून वर्षअखेर थकलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरली जाते. खोकी मार्चमध्ये आली, वापरली गेली, आणि त्यांचा खर्च मात्र पुढच्या वर्षात ढकलला गेला. लेखी तीस दिवस असते तर हा प्रश्नच आला नसता. कायद्याचा शब्द ‘दोघांत लेखी ठरलेली’ असा आहे, त्यामुळे इथे एकतर्फी मेलवर विसंबणे धोक्याचे. पुरवठादाराचे उत्तर हातात हवेच. मेल ‘लेखी’त मोडते का, ही शंका माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४ ने मिटवली आहे: कायद्याने लेखन मागितले असेल तिथे नंतर पाहता येईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद चालते.

याच कायद्यात मालाबद्दलची तक्रारही लेखी लागते. खोकी ओलसर निघाली तर माल उतरल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. तशी घेतली तर पुरवठादाराने हरकत दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. त्याबद्दल फोनवर कितीही भांडले तरी नोंद होत नाही. तेव्हा त्या भांडणाचीही, शांत भाषेत, मेल पाठवावी लागते.

सौदा पुढे बदलतच असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुरवठादार फोन करतो: मशीन बंद पडले, दुसरी खेप सोळाऐवजी वीस मार्चला येईल. खरेदीदार ‘चालेल’ म्हणतो. हे न नोंदवता सोडले तर मूळ मेलमधला १६ मार्च तसाच उभा राहतो आणि चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट ठरते. म्हणून पहिल्या मेलच्याच उत्तरात दोन ओळी: ‘आजच्या बोलण्याप्रमाणे मुद्दा ३ मधील दुसऱ्या खेपेची तारीख शुक्रवार २० मार्च २०२६. बाकी मुद्दे तसेच.’ शेवटचे तीन शब्द विसरू नयेत.

राहिला प्रश्न जपणुकीचा. मेल छापून फाइलला लावली की काम झाले असे अनेक कार्यालयांत समजतात. न्यायालयात छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र नुसते पुढे करून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीबरोबर दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहायचा असतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर–गोरंट्याल खटल्यात कायम केली होती. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही, हेही तिथेच सांगितले. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेशही पुरावा होऊ शकतो, पण तिथे आपोआप पुसले जाणारे संदेश आणि बदललेले फोन आड येतात. मेल खात्यातली मूळ मेल, तिच्या मथळ्यातल्या पाठवणीच्या तपशिलासह, पुसू नये. नोकरी सोडून गेलेल्या खरेदी अधिकाऱ्याचे खाते बंद करण्याआधी त्यातल्या अशा मेल कार्यालयाच्या दुसऱ्या खात्यात जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. मजकूर नुसता पुढे धाडला तर मूळ मथळा सोबत येत नाही.